सामूहिक आरतीचे शब्द पडद्यावर दाखवताना: ओळी, अक्षराचा आकार आणि कडव्यांचा क्रम

प्रश्न: आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात दीडशे-दोनशे लोक सभागृहात एकत्र आरती म्हणतात. यंदा पुस्तिका न वाटता शब्द पडद्यावर दाखवायचे आहेत. मागच्या वर्षी केलं तेव्हा मागे उभ्या असलेल्यांना दिसेना आणि ध्रुपद आलं की सगळे गोंधळायचे. ओळी कुठे तोडायच्या, अक्षर किती मोठं ठेवायचं आणि कडवी कशी लावायची?

उत्तर:

सुरुवात आकारापासून करा, कारण एका स्लाइडवर किती ओळी मावतील हे आकारावर ठरतं आणि बाकीचं त्यावर. ‘४० पॉइंट ठेवा’ असा सरसकट सल्ला मिळतो, पण त्याला अर्थ नाही. तेच ४० पॉइंट चार फुटी पडद्यावर वेगळे दिसतात आणि दहा फुटी पडद्यावर वेगळे. तुम्हाला दोनच मापं लागतील: पडद्यावरच्या चित्राची उंची आणि पडद्यापासून शेवटच्या माणसाचं अंतर. दोन्ही टेपने मोजा.

मी वापरतो तो हिशेब असा. अंतर फुटांत घ्या आणि त्याला २० ने भागा. येईल तितके इंच अक्षराची पडद्यावरची उंची हवी. उंची म्हणजे शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत; वरची वेलांटी किंवा खालचा उकार त्यात धरायचा नाही. समजा, शेवटची माणसं ६० फुटांवर उभी आहेत, तर अक्षर ३ इंच उंच हवं. पडदा ८ फूट रुंद आणि साडेचार फूट उंच आहे, म्हणजे ५४ इंच. पॉवरपॉइंटची नेहमीची आडवी स्लाइड ५४० पॉइंट उंच असते. म्हणून या पडद्यावर १० पॉइंटांचा १ इंच होतो आणि ३ इंचांसाठी ३० पॉइंट उंचीचं अक्षर लागतं. मात्र फॉन्टचा आकार म्हणून जो आकडा आपण निवडतो, त्यात वरच्या-खालच्या मात्रांची जागाही धरलेली असते. प्रत्यक्ष ‘म’ची उंची त्या आकड्याच्या साधारण निम्म्यापासून साठ टक्क्यांपर्यंत भरते, आणि ती फॉन्टप्रमाणे बदलते. साठ टक्के धरले तर ३० ला ०.६ ने भागून ५० पॉइंट येतात. शंका असेल तर एक स्लाइड लावून पडद्यावरचा ‘म’ टेपने मोजा. नुसता अंदाज करण्यापेक्षा ते बरं.

सभागृह आदल्या दिवशी मिळत नसेल तर घरीही तपासणी होते. ६० फूट म्हणजे त्या पडद्याच्या उंचीच्या सुमारे १३ पट. तुमच्या लॅपटॉपच्या स्क्रीनची उंची मोजा, तिला १३ ने गुणा आणि तितक्या अंतरावर उभं राहून स्लाइड वाचा. साडेसात इंच उंच स्क्रीनसाठी हे अंतर साधारण आठ-साडेआठ फूट येतं. चाळिशी उलटलेल्या एखाद्याला चष्म्यासकट तिथे उभं करा. ‘दुःखहर्ता’मधला विसर्ग आणि ‘र्ता’वरचा रफार त्यांना वेगवेगळे दिसले पाहिजेत. नुसतं ‘वाचता येतंय’ म्हणून चालत नाही. आरती टाळ्यांच्या ठेक्यावर पुढे जाते आणि नजरेला एका ओळीसाठी जेमतेम एखादा क्षण मिळतो.

आता ओळी किती ते पाहू. ५० पॉइंट अक्षराला दोन ओळींमधलं अंतर ७५ पॉइंट ठेवा. रोमन लिपीला सव्वापट पुरतं. देवनागरीला दीडपट लागतं, कारण एका ओळीतला ‘कु’ आणि खालच्या ओळीतला ‘र्की’ एकमेकांना भिडतात. भिडले की दुरून ती एकच गिचमिड दिसते. हे अंतर `Exactly` निवडून आकड्यात द्या. `Single` किंवा `Multiple` ठेवलंत तर प्रत्येक फॉन्ट आपापलं अंतर लावतो, आणि सभागृहातल्या लॅपटॉपवर फॉन्ट बदलला की सगळी मांडणी हलते.

या हिशेबाने ५४० पॉइंटांत सात ओळी मावतील असं वाटेल. पण आरती उभ्याने म्हणतात. बसलेल्या श्रोत्यांसाठी लावलेल्या पडद्याचा खालचा भाग लोक उभे राहिले की डोक्यांआड जातो, आणि टाळ्यांसाठी वर गेलेले हात आणखी थोडा झाकतात. पडद्याची खालची कड जमिनीपासून सात फुटांवर नेता आली तर उत्तम. बहुतेक सभागृहांत ते जमत नाही, म्हणून स्लाइडचा खालचा चौथा भाग मोकळा सोडायचा. वर ३० पॉइंट समास आणि खाली १३५ पॉइंट मोकळे सोडले की उरतात ३७५, म्हणजे बरोबर पाच ओळी. चार ओळींचं कडवं आरामात बसतं आणि पाचवी अडचणीला राहते. सहावी ओळ कोंबायची नाही. ध्रुपद कडव्याच्याच स्लाइडवर खाली लिहायचा मोह होतो, आणि नेमकं तेच मागच्यांना दिसत नाही. तुमच्याकडे ध्रुपदाला गोंधळ होण्याचं एक कारण हे असू शकतं.

ओळ तोडताना पुस्तिकेतली मांडणी बाजूला ठेवा. पुस्तिकेत जागा वाचवायला दोन चरण एका ओळीत छापतात, मध्ये एक दंड देतात आणि ध्रुपद एकदाच लिहून पुढे नुसतं ‘॥धृ॥’ करतात. पडद्यावरची ओळ श्वासाची असते. एका दमात जेवढं म्हणतात तेवढी एक ओळ. ती ठरवण्यासाठी तुमच्याकडे जे आरती सांगतात त्यांचं म्हणणं फोनवर रेकॉर्ड करा, ऐकत ऐकत कागदावर उतरवा आणि जिथे ते श्वास घेतात तिथे रेघ मारा. त्या रेघा म्हणजेच तुमच्या ओळी.

‘सुखकर्ता’ची आरती घेऊन बघू. पहिलं कडवं सरळ आहे, चार चरण आणि चार ओळी:

```
सुखकर्ता दुःखहर्ता वार्ता विघ्नांची
नुरवी पुरवी प्रेम कृपा जयाची
सर्वांगी सुंदर उटी शेंदुराची
कंठी झळके माळ मुक्ताफळांची
```

पण इथे एक बारकावा आहे. अर्थ पाहिला तर ‘वार्ता विघ्नांची’ हे पुढच्या ओळीतल्या ‘नुरवी’ला जोडलेलं आहे: विघ्नांची वार्ताही उरू देत नाही. श्वास मात्र ‘विघ्नांची’नंतरच घेतला जातो. अर्थ आणि श्वास यांचं जमत नसेल तर ओळ श्वासाप्रमाणे तोडा, नाहीतर म्हणणाऱ्यांची लय अडखळते. अर्थाची काळजी स्लाइड तोडताना घ्यायची: या दोन ओळी कधीही दोन वेगळ्या स्लाइडवर जाऊ देऊ नका. अक्षर फार मोठं करावं लागलं आणि कडवं एका स्लाइडवर मावेना, तर दोन-दोन ओळींचे तुकडे करा. तीन आणि एक असे नको.

दुसरं कडवंही चार ओळींचं. तिसऱ्याचा शेवटचा चरण बाकीच्यांपेक्षा खूप लांब आहे:

```
लंबोदर पीतांबर फणिवरबंधना
सरळ सोंड वक्रतुंड त्रिनयना
दास रामाचा वाट पाहे सदना
संकटी पावावे निर्वाणी रक्षावे
सुरवरवंदना
```

५० पॉइंटात ओळीत साधारण बावीस ते चोवीस अक्षरं बसतात, आणि हा चरण एकोणीस अक्षरांचा. म्हणजे रुंदीत मावतो, तरी तोडायचा. ‘रक्षावे’नंतर आवाज क्षणभर टेकतो, आणि ‘सुरवरवंदना’ वेगळं म्हटलं की लगेच ध्रुपद उचललं जातं. ते एकट्या ओळीवर असलं की कडवं संपत आल्याची खूण म्हणणाऱ्यांना आणि स्लाइड बदलणाऱ्यालाही मिळते. अडचणीसाठी राखलेली पाचवी ओळ इथे कामी आली. अशी तोडलेली ओळ तुम्ही स्वतः, `Shift + Enter` दाबून तोडा. सॉफ्टवेअरवर सोडलीत तर चौकट जराशी अरुंद झाली की ते ‘रक्षावे’सुद्धा खाली ढकलेल.

याच कडव्यात पाठाचे दोन नेहमीचे घोटाळे आहेत. ‘फणिवरबंधना’चं अनेकांच्या तोंडी ‘फळीवर वंदना’ झालेलं असतं आणि ‘संकटी’चं ‘संकष्टी’. पडद्यावर शब्द आले की लोक वर्षानुवर्षांचा उच्चार तपासून बघतात, म्हणून स्लाइडवरचा पाठ चोख असलाच पाहिजे. ‘फणिवरबंधना’ एकसलग वाचताना पहिल्यांदाच बघणारा अडखळतो, म्हणून मी तो पडद्यावर ‘फणिवर बंधना’ असा सोडून लिहितो. छपाईत तो जोडलेला असतो आणि तेच योग्य. पण चालत्या लयीत अर्ध्या क्षणात वाचायच्या मजकुराला ही सवलत द्यायला हरकत नाही. जोडाक्षराच्या किंवा संधीच्या मधोमध मात्र जागा सोडू नका.

आता ध्रुपद. पुस्तिकेत ते दोन ओळींचं असतं. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी असं म्हणतात:

```
जय देव जय देव
जय मंगलमूर्ती, हो श्री मंगलमूर्ती
दर्शनमात्रे मनकामना पुरती
जय देव जय देव
```

‘हो श्री मंगलमूर्ती’ काही मंडळांत म्हणतात, काहींत नाही. ‘मनकामना’ की ‘मनःकामना’ हेही ठिकाणाप्रमाणे बदलतं. शेवटचं ‘जय देव जय देव’ तर पुस्तिकेत नसतंच. तुमच्याकडे जे म्हटलं जातं तेच जसंच्या तसं लिहा. निम्मे लोक पडद्याप्रमाणे आणि निम्मे सवयीप्रमाणे म्हणू लागले की दोन्ही गट एकमेकांकडे बघत थांबतात. शंका राहिली तर आरती सांगणाऱ्यांना विचारा आणि त्यांचा शब्द अखेरचा माना.

क्रम लावताना नियम एकच: आरती जशी कानावर पडते तशा स्लाइड एकामागून एक. या आरतीला सहा स्लाइड होतात. पहिलं कडवं, ध्रुपद, दुसरं कडवं, ध्रुपद, तिसरं कडवं, ध्रुपद. ध्रुपदाची स्लाइड तीनदा, पूर्ण मजकुरासह. एकच ठेवून दर वेळी मागे-पुढे जाण्याचा प्रयत्न केला की तिसऱ्या कडव्याऐवजी दुसरं येतं आणि सावरायला वेळ नसतो. चालवणाऱ्याला फक्त ‘पुढे’ची एक कळ लागली पाहिजे.

खरा धोका एका आरतीकडून दुसरीकडे जाताना असतो. गणपतीची, शंकराची, विठ्ठलाची, तिन्ही ध्रुपदं ‘जय देव जय देव’नेच सुरू होतात, देवीच्या आरतीत ‘जय देवी जय देवी’ येतं. चालवणारा एक स्लाइड चुकला तरी पहिले पाच शब्द बरोबर दिसतात, आणि सहाव्या शब्दाला सभागृहात ‘मंगलमूर्ती’ आणि ‘पांडुरंगा’ एकत्र ऐकू येतं. यावर उपाय दोन. प्रत्येक स्लाइडच्या वरच्या कोपऱ्यात, त्या ३० पॉइंटांच्या समासात, लहान अक्षरांत आरतीचं नाव आणि जागा लिहा: ‘गणपती · कडवे २’ किंवा ‘शंकर · ध्रुपद’. हे चालवणाऱ्यासाठी आहे, म्हणून १८ पॉइंट पुरे. दुसरा उपाय: दोन आरत्यांच्या मध्ये पुढच्या आरतीची नुसती पहिली ओळ असलेली स्लाइड ठेवा. आरती सांगणारे कधी कधी ऐनवेळी एखादी आरती गाळतात किंवा क्रम बदलतात. तेव्हा उडी मारायला या स्लाइडचे क्रमांक कागदावर लिहून लॅपटॉपशेजारी ठेवा. स्लाइडशो चालू असताना क्रमांक टाइप करून `Enter` दाबलं की थेट ती स्लाइड येते. कुठे आहोत तेच कळेनासं झालं तर `B` दाबा. पडदा काळा होतो आणि लोक तोंडपाठ म्हणत राहतात. चुकीचे शब्द दिसण्यापेक्षा ते चांगलं.

स्लाइड कधी बदलायची? शेवटची ओळ संपल्यावर नव्हे. म्हणणाऱ्याची नजर आवाजाच्या दोन-तीन शब्द पुढे असते. ‘कंठी झळके माळ’ म्हणून झालं की ‘मुक्ताफळांची’ त्याच्या तोंडात तयार असतं आणि नजर पुढचा शब्द शोधत असते. तेव्हाच कळ दाबा, म्हणजे शेवटच्या शब्दाच्या पहिल्या अक्षराला. हे जमायला चालवणाऱ्याने स्वतः आरती म्हणत राहायला हवं. नुसतं ऐकणारा नेहमी अर्धा शब्द मागे पडतो. स्लाइड बदलताना कुठलाही ट्रान्झिशन परिणाम ठेवू नका. सरकत येणाऱ्या ओळींत तो अर्धा शब्द पुन्हा हरवतो.

मंत्रपुष्पांजली हा वेगळा प्रकार आहे. ती बरीचशी गद्य आहे, संस्कृत आहे आणि सुरुवात सोडली तर बरेच जण नुसते ओठ हलवतात. त्यामुळे पडद्याचा खरा उपयोग इथेच होतो, आणि मांडणीही इथेच सर्वांत जास्त बिघडते. लोक ती अख्खी एका स्लाइडवर टाकतात; सॉफ्टवेअर अक्षर लहान करत करत १८ पॉइंटांवर आणतं. आकार तोच ठेवा, स्लाइड वाढवा आणि म्हणण्याच्या तुकड्यांप्रमाणे ओळी तोडा. शेवटचा श्लोक असा:

```
तदप्येष श्लोकोऽभिगीतो
मरुतः परिवेष्टारो
मरुत्तस्यावसन् गृहे
आविक्षितस्य कामप्रेर्
विश्वेदेवाः सभासद इति
```

पुस्तिकेत ‘कामप्रेर्विश्वेदेवाः’ जोडलेलं असतं. वर संधी मोडू नका म्हटलं, त्याला हा एकच अपवाद मी करतो, कारण चार अक्षरांनी ओळ लांबते आणि म्हणताना टेकण्याची जागाही तिथेच आहे. तुमच्याकडचे गुरुजी नको म्हणाले तर जोडून लिहा. विसर्ग आणि अवग्रह गाळू नका; ‘मरुतः’ आणि ‘मरुत्तस्य’ इतके जवळ आहेत की एक खूण गेली तर लोक दोन्ही सारखेच म्हणतात.

ते अक्षर आपोआप लहान होणं सगळीकडे बंद करा. मजकुराच्या चौकटीच्या गुणधर्मांत `Do not Autofit` निवडा, आणि ते स्लाइड मास्टरमध्येच करा. नाहीतर चार ओळींची स्लाइड ५० वर, पाच ओळींची ४२ वर असं होतं, आणि प्रत्येक स्लाइडला नजर नव्याने जुळवावी लागते. मजकूर चौकटीच्या वरच्या कडेला आणि डावीकडे टेकलेला ठेवा. मध्यभागी लावलेल्या ओळी सुंदर दिसतात, पण प्रत्येक ओळीची सुरुवात वेगळ्या जागी जाते आणि नजर ती शोधत बसते.

फॉन्ट सरळ उभ्या रेघांचा, मध्यम जाडीचा निवडा. मुक्त किंवा नोटो सॅन्स देवनागरी, दोन्ही मोफत मिळतात आणि दोन्हींत मध्यम जाडी आहे. बारीक जाडीत प्रोजेक्टरच्या उजेडात आडव्या शिरोरेषाच उरतात. फार ठळक केलं तर ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ यांतला फरक करणारी पोकळीच भरून जाते. सजावटी, सुलेखनासारखे फॉन्ट शीर्षकाला ठेवा.

रंगाचं उत्तर दिव्यांवर आहे. आरतीच्या वेळी सभागृहातले दिवे बहुधा चालू असतात, आणि प्रोजेक्टर काळा रंग पाडू शकत नाही; त्या जागी पडदा जितका उजळ असेल तितकाच तो दिसतो. म्हणून दिवे चालू असतील तर फिकट पिवळसर पार्श्वभूमीवर काळी किंवा गडद तपकिरी अक्षरं. दिवे मालवणार असाल तर गडद निळ्यावर पांढरी, म्हणजे डोळ्यांवर झोत येत नाही. मजकुरामागे गणपतीचा फोटो मात्र नको. फोटोच्या उजळ भागात अनुस्वार विरून जातात आणि ‘कंठी’चं ‘कठी’ होतं. मूर्ती समोरच आहे. पडदा तिच्या शेजारी, शक्य तितका जवळ लावा, म्हणजे मान वळवावी लागत नाही.

ज्यांना देवनागरी वाचता येत नाही अशी मुलं तुमच्याकडे असतील तर रोमन लिपीतली ओळ लागेल. ती प्रत्येक देवनागरी ओळीच्या लगेच खाली, थोड्या लहान आकारात द्या. अख्ख्या कडव्याखाली अख्खं रोमन कडवं देऊ नका. अशा वेळी एका स्लाइडवर दोनच चरण बसतील आणि स्लाइडची संख्या जवळपास दुप्पट होईल. ते चालेल, आकार कमी करू नका. लांबलेल्या ‘आ’साठी रोमनमध्ये ‘aa’ लिहा आणि ते शेवटपर्यंत पाळा.

मजकूर इंटरनेटवरून उतरवून घेत असाल तर तीन गोष्टी तपासा. विसर्गाच्या जागी अनेकदा कोलन असतो; ‘दुःख’मध्ये तो अक्षरापासून सुटा दिसतो आणि कधी पुढचं अक्षर खालच्या ओळीवर जातं. दंडाच्या जागी उभी रेघ असते. पडद्यावर दंडांची गरजच नाही, सगळे काढा. आणि जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधला मजकूर असेल तर तो दुसऱ्या लॅपटॉपवर निव्वळ इंग्रजी अक्षरांचा कचरा होतो. असा मजकूर दुरुस्त करत बसण्यापेक्षा नव्याने टाइप करा. पाच आरत्या एका संध्याकाळी होतात.

शेवटी फाइल जतन करताना विंडोजवर `File > Options > Save` मध्ये `Embed fonts in the file` वर खूण करा, आणि त्याच स्लाइडची पीडीएफ काढून पेनड्राइव्हवर ठेवा. सभागृहातल्या संगणकावर पॉवरपॉइंटने दगा दिला तरी पीडीएफमधली अक्षरं आणि ओळी हलत नाहीत. ती पूर्ण स्क्रीनवर उघडून बाणाच्या कळीने पान उलटत आरती चालवता येते. प्रोजेक्टर जुना, जवळपास चौकोनी चित्राचा असेल तर स्लाइडचा आकारच आधी ४:३ करा आणि वरचा हिशेब पुन्हा करा. आडवी स्लाइड त्यावर लावली तर वर-खाली काळ्या पट्ट्या येतात आणि अक्षर चौथ्या हिश्शाने लहान पडतं.